आयटीसीचे मोठे भागधारक कसे शोधायचे

१३ मार्च २०२४ च्या सकाळी ब्रिटिश अमेरिकन टोबॅको या लंडनच्या कंपनीने आयटीसीतले आपले सुमारे ४३ कोटी ६८ लाख शेअर विकले. भाव पडला चारशे रुपयांच्या जरा वर आणि व्यवहार झाला जवळजवळ साडेसतरा हजार कोटींचा. ‘बॅट’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीकडे आयटीसीचा २९ टक्के हिस्सा होता. तो साडेपंचवीस टक्क्यांवर आला. एवढे शेअर एका दिवसात पचवायला फंड घराणी, विमा कंपन्या, परदेशी गुंतवणूक संस्था असे मोठ्या खिशाचे खरेदीदारच लागतात. त्यातल्या काहींची नावे त्याच संध्याकाळी शेअर बाजारांनी जाहीर केलेल्या मोठ्या सौद्यांच्या यादीत आली. सामान्य गुंतवणूकदाराचा प्रश्न मात्र त्याहून मोठा असतो. आज या कंपनीत कोणत्या संस्थेचा किती हिस्सा आहे? सगळ्यांत मोठी कोण? आणि हे पाहायचे कुठे?

या प्रश्नांसाठी आयटीसी हे चांगले उदाहरण आहे, कारण या कंपनीला प्रवर्तकच नाही. बहुतेक भारतीय कंपन्यांत एखाद्या घराण्याकडे किंवा सरकारकडे निम्म्याच्या आसपास भांडवल असते आणि संस्था उरलेल्या जागेत बसतात. आयटीसीच्या तक्त्यात प्रवर्तकांच्या रकान्यात शून्य आहे. सगळे शंभर टक्के भांडवल ‘पब्लिक’ या एकाच शीर्षकाखाली येते आणि मोठे मालक कोण, हे त्या गर्दीतून शोधून काढावे लागते.

शोधाची सुरुवात एकाच कागदापासून करावी. सेबीच्या २०१५ च्या नोंदणी नियमांनुसार प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला तिमाही संपल्यापासून २१ दिवसांच्या आत आपल्या भागधारणेचा तक्ता शेअर बाजाराकडे द्यावा लागतो. ३१ मार्चची स्थिती एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळ्यांसमोर येते. bseindia.com वर कंपनीचे नाव किंवा तिचा क्रमांक टाकायचा (आयटीसीचा 500875 आहे), आणि तिच्या पानावर Shareholding Pattern निवडायचे. एनएसईच्या संकेतस्थळावरही हाच तक्ता मिळतो, तिथे ITC एवढेच चिन्ह पुरते. तिमाही निवडली की पहिल्यांदा गोषवारा दिसतो. त्यात प्रवर्तक किती, पब्लिक किती, एवढेच असते. खरी माहिती त्याच्या आतल्या, पब्लिक भागधारकांच्या तक्त्यात दडलेली असते. अनेक जण गोषवाऱ्यावरच थांबतात. आतला तक्ता उघडल्याशिवाय संस्थांची नावे दिसत नाहीत.

तो तक्ता उघडला की आधी देशी संस्था येतात. म्युच्युअल फंड, पर्यायी गुंतवणूक निधी, बँका, विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह आणि पेन्शन निधी अशा त्यांच्या ओळी असतात. मग परदेशी संस्था, मग सरकार आणि शेवटी संस्था नसलेले सगळे, म्हणजे किरकोळ गुंतवणूकदार, अनिवासी, खाजगी कंपन्या, ट्रस्ट. प्रत्येक गटासमोर भागधारकांची संख्या, एकूण शेअर आणि टक्केवारी असते. गटाच्या खाली ज्यांच्याकडे एक टक्का किंवा त्याहून जास्त भांडवल आहे, त्यांची नावे दिलेली असतात.

या एक टक्क्याच्या अटीपाशी थोडे थांबायला हवे. आयटीसीचे सुमारे १,२५० कोटी शेअर आहेत. त्यांचा एक टक्का म्हणजे साडेबारा कोटी शेअर. भाव चारशे रुपये धरला तर पाच हजार कोटी रुपये. याचा अर्थ असा, की एखाद्या विमा कंपनीने आयटीसीत साडेचार हजार कोटी रुपये गुंतवलेले असले, तरी या तक्त्यात तिचे नाव कुठेही येणार नाही. उलट ज्या कंपनीचे एकूण बाजारमूल्य पाचशे कोटी आहे, तिच्या तक्त्यात पाच कोटी गुंतवणारा माणूसही नावानिशी दिसतो. कंपनी जितकी मोठी, तितका हा तक्ता त्रोटक. लहान कंपनीत तो जवळजवळ सगळी कथा सांगतो, मोठ्या कंपनीत फक्त पहिल्या काही नावांवर थांबतो.

आयटीसीच्या तक्त्यात विमा कंपन्यांच्या गटात सगळ्यांत वर एलआयसी असते. तिचा हिस्सा गेली काही वर्षे पंधरा टक्क्यांच्या आसपास आहे. चारशेच्या भावाने मोजले तर पंचाहत्तर हजार कोटींच्या घरातली ही गुंतवणूक. म्हणजे पारंपरिक विमा घेतलेल्या लक्षावधी कुटुंबांच्या हप्त्यांतून उभा राहिलेला पैसा. त्याच गटात जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशन आणि न्यू इंडिया अशुरन्स या मुंबईतल्या सरकारी कंपन्यांची नावेही वर्षानुवर्षे दिसत आली आहेत, एक ते दोन टक्क्यांच्या हिश्शाने.

या सरकारी संस्था एका सिगारेट कंपनीत इतक्या खोलवर कशा रुजल्या, हा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यात आहे. त्या कायद्याने बहुतेक परदेशी कंपन्यांना भारतातला आपला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणणे भाग पडले. मोकळे झालेले भांडवल मोठ्या प्रमाणात एलआयसी, युनिट ट्रस्ट आणि सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे गेले. पुढे १९९० च्या दशकात बॅटने आयटीसीवर पुन्हा बहुमताचा ताबा मिळवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा याच संस्था आडव्या आल्या. आयटीसी आज व्यावसायिक व्यवस्थापनाच्या हाती आहे, याचे मोठे श्रेय त्या काळी संस्थांनी वापरलेल्या मतांना द्यावे लागते. आणि म्हणूनच असल्या कंपनीत मोठे संस्थात्मक मालक कोण आहेत हे माहीत असणे, हा फक्त भाव वर जाईल की खाली याचा अंदाज बांधण्याचा विषय राहत नाही.

एलआयसीखालोखाल एक नाव येते, जे ना विमा कंपनी आहे ना म्युच्युअल फंड. ते म्हणजे युनिट ट्रस्टचा विशिष्ट उपक्रम, बाजारात सगळे ज्याला ‘सूटी’ म्हणतात. २००३ मध्ये जुन्या युनिट ट्रस्टचे दोन तुकडे झाले. एक तुकडा आजचा यूटीआय म्युच्युअल फंड बनला आणि हमी दिलेल्या जुन्या योजनांची मालमत्ता सरकारच्या देखरेखीखालच्या या उपक्रमाकडे गेली. आयटीसीचे शेअर त्याच मालमत्तेत होते. आज सूटीकडे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास हिस्सा आहे. नावात युनिट ट्रस्ट असल्यामुळे कोणी तो यूटीआय फंडाच्या खात्यात धरतो, कोणी सर्वसाधारण देशी संस्थांत. तो हिस्सा सरकारच्या निर्गुंतवणुकीच्या तिजोरीतला आहे. बाजारभाव आवडला म्हणून कोणता निधी-व्यवस्थापक तो वाढवत नाही. कमी होतो तेव्हा निर्णय दिल्लीत झालेला असतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये सूटीने आयटीसीचे दोन टक्के विकले तेव्हा ते घेतले एलआयसीने, सुमारे ६,७०० कोटी रुपये देऊन. त्या तिमाहीचा तक्ता नुसता टक्केवारीने वाचला असता तर एलआयसीचा आयटीसीवरचा विश्वास अचानक वाढला, असे वाटले असते. खरे तर सरकारी मालकीचा एक तुकडा एका सरकारी संस्थेच्या हातून दुसऱ्या सरकारी संस्थेच्या हातात गेला होता.

बॅटचेही असेच. तिचे शेअर टोबॅको मॅन्युफॅक्चरर्स (इंडिया) लिमिटेडसारख्या उपकंपन्यांच्या नावावर आहेत. ‘आयटीसीत परदेशी संस्थांचा हिस्सा चाळीस टक्क्यांच्या आसपास’ असे आकडे अनेक ठिकाणी वाचायला मिळतात, त्यात हा सगळा बॅटचा हिस्सा मिसळलेला असतो. तो वजा केल्यावरच परदेशी निधींचा, म्हणजे रोज खरेदी-विक्री करणाऱ्या गुंतवणूक संस्थांचा, खरा आकडा मिळतो. बॅट ही गुंतवणूक संस्था नव्हे, ती स्वतःच सिगारेट बनवणारी कंपनी आहे. म्हणून यादी करताना पहिले काम हे, की प्रत्येक मोठ्या नावापुढे ते कशासाठी शेअर धरून बसले आहे, हे लिहायचे.

खरा गोंधळ होतो तो म्युच्युअल फंडांच्या रकान्यात. इथे एक टक्क्याच्या वर ज्यांची नावे असतात, ती बहुधा एखाद्या योजनेची असतात. उदाहरणार्थ SBI Nifty 50 ETF. वाचणाऱ्याला वाटते, या एका योजनेकडे तीन टक्के शेअर आहेत. तसे नसते. डिसेंबर २०१७ मध्ये सेबीने सांगितले, की एकाच पॅनवर असलेली सगळी खाती एकत्र करून दाखवावीत, म्हणजे एकाच मालकाची दहा नावे यादीत येणार नाहीत. म्युच्युअल फंड हा कायद्याने एक ट्रस्ट असतो आणि त्याच्या सगळ्या योजनांचा पॅन त्या ट्रस्टचाच असतो. त्यामुळे एका फंड घराण्याच्या पन्नास योजनांतले शेअर एका ओळीत गोळा होतात आणि त्या ओळीला नाव मात्र त्यातल्या कोणत्या तरी एका योजनेचे लागते. आकडा घराण्याचा आणि नाव योजनेचे, अशी ती ओळ असते. वित्तीय संकेतस्थळे आपली यादी याच तक्त्यावरून आपोआप तयार करतात, म्हणून तिथेही चूक तशीच पुढे जाते. ‘अमुक योजनेने आयटीसीचा हिस्सा वाढवला’ अशा बातम्यांचा उगम पुष्कळदा इथे असतो.

हे पडताळून पाहता येते. एसबीआयची ही निफ्टी योजना दोन लाख कोटी रुपयांच्या घरातली आहे आणि निफ्टीत आयटीसीचे वजन साधारण साडेतीन-चार टक्के राहिले आहे. म्हणजे योजनेतले आयटीसीचे शेअर सात-आठ हजार कोटींचे. आयटीसीचे बाजारमूल्य चारशेच्या भावाने पाच लाख कोटी. आठ हजार कोटी म्हणजे त्याचा सुमारे १.६ टक्का. तक्त्यात त्या ओळीसमोर यापेक्षा ठळकपणे मोठा आकडा दिसला, तर फरक त्या घराण्याच्या बाकी योजनांचा आहे, हे लगेच कळते.

या निफ्टी योजनेच्या मागे आणखी एक मालक दडलेला आहे. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी संघटना ऑगस्ट २०१५ पासून आपल्या नव्या ठेवींचा काही भाग शेअर बाजारात घालते, पण स्वतः शेअर विकत घेत नाही. ती एसबीआय आणि यूटीआयच्या निर्देशांक योजनांचे युनिट घेते. एसबीआयची निफ्टी योजना इतकी प्रचंड झाली ती मुख्यतः या पैशामुळे. पण आयटीसीच्या भागधारकांच्या यादीत भविष्यनिर्वाह निधीचे नाव शोधले तर ते सापडत नाही, कारण नोंद शेअरच्या खात्यावर होते आणि ते खाते म्युच्युअल फंडाचे आहे. कारखान्यातल्या कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा ‘म्युच्युअल फंड’ या शीर्षकाखाली जमा दिसतो. सरकारच्या भारत २२ या निर्देशांक योजनेचीही तीच गत. सूटीकडच्या आयटीसी शेअरपैकी काही तिच्यात गेले, योजना चालवते आयसीआयसीआय प्रुडेन्शियल फंड, म्हणून ते शेअर त्या घराण्याच्या ओळीत मिसळून जातात.

नावे एक टक्क्यापाशी संपतात, पण गटाची बेरीज संपत नाही. तक्त्याचा सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत दुर्लक्षित भाग हाच. समजा, म्युच्युअल फंडांच्या गटाची बेरीज १२ टक्के दिली आहे आणि एक टक्क्याच्या वरची तीन घराणी मिळून सात टक्के होतात. मग उरलेल्या पाच टक्क्यांत बाकीची सगळी फंड घराणी आहेत आणि त्यांतल्या एकाकडेही एक टक्का नाही. गटासमोर भागधारकांची संख्याही असते, तिच्यावरून हे पाच टक्के किती हातांत विभागले आहेत याचा अंदाज येतो. एखादे नाव मागच्या तिमाहीत होते आणि या तिमाहीत नाही, असे झाले की लोक ‘बाहेर पडला’ म्हणून मोकळे होतात. तो कदाचित १.०२ टक्क्यांवरून ०.९८ वर आला असेल. कदाचित त्याने एकही शेअर विकला नसेल आणि कर्मचाऱ्यांना दिलेल्या नव्या शेअरमुळे कंपनीचे एकूण भांडवल तेवढे फुगले असेल. गटाची बेरीज जवळपास तेवढीच असेल तर मोठी विक्री झालेली नाही, हे धरून चालायला हरकत नाही. एलआयसीच्या एकूण गुंतवणुकीबद्दलच्या बातम्यांनाही हीच मर्यादा आहे. त्या बातम्या निरनिराळ्या कंपन्यांच्या तक्त्यांतली एलआयसीची नावे गोळा करून बनतात, त्यामुळे जिथे तिचा हिस्सा एक टक्क्याखाली आहे त्या कंपन्या त्यांत नसतातच.

एक टक्क्याखालचे म्युच्युअल फंड शोधायचे तर दुसऱ्या बाजूने यावे लागते, कंपनीकडून नव्हे तर फंडाकडून. प्रत्येक फंड घराण्याला महिना संपल्यावर दहा दिवसांत आपल्या प्रत्येक योजनेची संपूर्ण गुंतवणूक जाहीर करावी लागते. घराण्याच्या संकेतस्थळावर ‘मासिक पोर्टफोलिओ’ म्हणून एक्सेलच्या फायली ठेवलेल्या असतात. त्यांत कंपनीचे नाव, शेअरची संख्या, बाजारमूल्य आणि योजनेतला टक्का दिलेला असतो. नावाने शोधण्यापेक्षा शेअरच्या आयएसआयएन क्रमांकाने शोधणे बरे. आयटीसीचा तो INE154A01025 आहे. नाव कोणी ITC Limited लिहितो, कोणी I.T.C. Ltd., शिवाय ‘आयटीसी हॉटेल्स’ ही वेगळी कंपनी आता त्याच आद्याक्षरांनी सुरू होते. क्रमांक सगळीकडे एकच असतो.

मग काम सरळ आहे. घराण्याच्या सगळ्या योजनांतले आयटीसीचे शेअर मिळवायचे, बेरीज करायची आणि कंपनीच्या एकूण शेअरने भागायचे. समजा, एका घराण्याच्या २२ योजनांत मिळून ९ कोटी ४० लाख शेअर निघाले. १,२५० कोटींनी भागले की ०.७५ टक्का. तिमाही तक्त्यात हे घराणे दिसले नसते, पण भाव चारशे धरला तर त्याची गुंतवणूक पावणेचार हजार कोटींहून जास्त आहे. भारतात फंड घराणी चाळीसच्या वर आहेत. सगळ्यांची फाइल उघडण्यात एक दुपार जाते आणि त्यातून म्युच्युअल फंडांची खरी यादी तयार होते. मार्च, जून, सप्टेंबर किंवा डिसेंबरच्या शेवटची फाइल घेतली, तर आपली बेरीज तिमाही तक्त्यातल्या गटाच्या बेरजेशी ताडून पाहता येते. दोन्ही जवळ आल्या नाहीत तर कोणते तरी मोठे घराणे राहून गेले, असे समजावे. एप्रिल-मेसारख्या मधल्या महिन्यांत मात्र मासिक फायली हाच एकमेव ताजा आधार असतो, कारण तिमाही तक्ता तोवर जुना झालेला असतो.

या फायली वाचताना एका गोष्टीवर नजर ठेवावी लागते. आर्बिट्राज योजना रोखीच्या बाजारात आयटीसीचा शेअर घेतात आणि तेवढ्याच संख्येने त्याचा वायदा विकतात. दोन भावांतला फरक हीच त्यांची कमाई. भाव वाढो की पडो, त्यांना सारखेच. तिमाही तक्त्यात मात्र हे शेअर इतर कोणत्याही शेअरसारखेच मोजले जातात आणि घराण्याच्या हिश्शात मिळतात. मासिक फाइलमध्ये खाली वायद्यांचा वेगळा भाग असतो. तिथे त्याच शेअरची संख्या किंवा मूल्य उणे चिन्हाने किंवा ‘शॉर्ट’ म्हणून दिलेले आढळले, की तो हिस्सा विश्वासाने धरलेला नाही हे ओळखावे. समतोल लाभ देणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या योजनांतही असा बचाव असतो, फक्त अर्धवट. निर्देशांक योजनांचे शेअर तर निर्देशांकात नाव आहे तोवर राहणारच. घराण्याच्या तीन टक्क्यांतून निर्देशांक आणि आर्बिट्राज बाजूला काढले, की निधी-व्यवस्थापकाने विचार करून घेतलेला भाग किती उरतो हे पाहणे उद्बोधक असते. मोठ्या निफ्टी कंपन्यांत तो अपेक्षेपेक्षा बराच कमी निघू शकतो.

विमा कंपन्यांच्या बाबतीत एवढी सोय नाही. युनिटशी निगडित पॉलिसींच्या निधींची माहिती आयुर्विमा कंपन्या दर महिन्याला देतात. त्यात प्रत्येक निधीतल्या प्रमुख कंपन्या आणि त्यांचे प्रमाण असते. पण पारंपरिक पॉलिसींचा पैसा कोणत्या शेअरमध्ये किती आहे, हे कंपनीनिहाय असे नियमित बाहेर येत नाही. आयुर्विम्यातला मोठा पैसा, विशेषतः एलआयसीचा, तिथेच असतो. त्यामुळे एक टक्क्याखालचा विमा कंपनीचा हिस्सा शोधण्याचा खात्रीचा मार्ग उरत नाही. गटाची बेरीज वजा नावे, एवढ्यावरच समाधान मानावे लागते. एलआयसीच्या नावापुढे कधी कधी एखाद्या निधीचा लांबलचक क्रमांक जोडलेला दिसतो. तिथेही पॅनचाच नियम असतो. आकडा संपूर्ण एलआयसीचा, शेपूट एका खात्याचे.

परदेशी निधींचे गणित याच्या उलट चालते. इथे प्रत्येक निधीची स्वतंत्र नोंदणी आणि स्वतंत्र पॅन असतो. अमेरिकेतल्या एकाच व्यवस्थापकाचे सात निधी सात ओळींत विखुरतात आणि सगळे एक टक्क्याखाली राहिले तर एकही दिसत नाही. नावही फसवे असू शकते. २०२३ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या जीक्यूजी पार्टनर्सने अदानी समूहाच्या चार कंपन्यांत पंधरा हजार कोटींहून अधिक रक्कम घातली. नंतरच्या तक्त्यांत तिच्या एका मोठ्या निधीचे नाव ‘गोल्डमन सॅक्स ट्रस्ट’ने सुरू होत असे, कारण तो निधी त्या ट्रस्टच्या छत्राखाली होता. पैसे कुठे घालायचे हा निर्णय मात्र जीक्यूजीचाच होता.

तिमाहीच्या मधे काही घडले तर दोन ठिकाणी ते दिसते. एका दिवसात कंपनीच्या भांडवलाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त शेअर कोणी घेतले वा विकले, तर शेअर बाजार त्याच दिवशी नाव, संख्या आणि भाव जाहीर करतात. दुसरे ठिकाण ताबाविषयक नियमांखालच्या घोषणांचे. कोणाचा हिस्सा पाच टक्क्यांवर गेला, किंवा त्यानंतर दोन टक्क्यांनी बदलला, की त्याला दोन कामकाजाच्या दिवसांत तसे कळवावे लागते. ‘एलआयसीने अमुक कंपनीतला हिस्सा ५ वरून ७ टक्क्यांवर नेला’ अशा बातम्या येतात त्या या घोषणांवरून. खरेदी त्या एका दिवशी झालेली नसते. अनेक महिने थोडेथोडे शेअर घेत एलआयसी त्या दिवशी दोन टक्क्यांची रेषा ओलांडते. घोषणेत खरेदीचा कालावधी दिलेला असतो, तो वाचला की हे लक्षात येते.

जुने आणि नवे तक्ते शेजारी ठेवताना कंपनीत मधल्या काळात काय झाले, हेही पाहावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये आयटीसीचा हॉटेल व्यवसाय वेगळा झाला. आयटीसीच्या दर दहा शेअरमागे आयटीसी हॉटेल्सचा एक शेअर मिळाला. नव्या कंपनीचे ४० टक्के आयटीसीने स्वतःकडे प्रवर्तक म्हणून ठेवले आणि ६० टक्के आपल्या भागधारकांना दिले. आता एलआयसीचे आयटीसीत पंधरा टक्के असतील, तर हॉटेल कंपनीत तिच्या वाट्याला ६० चे १५ टक्के, म्हणजे नऊ टक्के येतात. तिने नव्या कंपनीचा एकही शेअर बाजारातून घेतलेला नसतो. आयटीसी हॉटेल्सच्या पहिल्याच तक्त्यात एलआयसी, सूटी आणि बॅट ही नावे आली ती अशी. एखादी संस्था त्या कंपनीत खरोखर पैसे घालते आहे की नाही, हे पाहायचे तर हा आपोआप मिळालेला वाटा आधी काढून ठेवायचा आणि पुढच्या तिमाहीत तो वाढला की घटला तेवढेच बघायचे. निफ्टीवर चालणाऱ्या योजनांना तर असे मिळालेले शेअर ठेवून घेताच येत नाहीत. नवी कंपनी निर्देशांकातून बाहेर पडते तेव्हा त्यांना ते विकावेच लागतात, आणि त्या विक्रीवरून कोणाच्या मताचा अंदाज बांधण्यात अर्थ नसतो.